नाटकाच्या आकाशात पट्टे

गेल्या महिन्यात एका नाटकाच्या बॅकड्रॉपचं काम आलं, रात्रीचं आकाश, वरती जवळपास काळं आणि खाली क्षितिजाकडे गडद निळं, प्रोजेक्टरवर मागे चालणार. फाइल आधीच्या डिझायनरने केलेली. रिहर्सलला दिवे घालवले आणि दिग्दर्शक म्हणाले, "अरे हे आकाश आहे की जिना?" खरंच, आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते.

प्रोजेक्ट उघडला तर आफ्टर इफेक्ट्समध्ये ८ बिट, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त २५६ पायऱ्या. ते १६ केलं, पण तेवढ्याने भागत नाही कारण शेवटी प्लेअरला ८ बिटचीच फाइल लागते. हिशोब बघा, ल्युमा म्हणजे उजेडाची व्हॅल्यू वरती १६ आणि खाली ३८, म्हणजे १०८० ओळींत फक्त २२ पायऱ्या, एकेक पट्टा जवळपास ५० पिक्सेलचा, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये डोळा नेमकी ती कड अजून ठळक करून दाखवतो.

मग सगळ्यात वर अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकून त्यावर Noise, म्हणजे बारीक दाण्यांचा इफेक्ट, दीड टक्का दिला, Use Color Noise बंद, नाहीतर लाल-हिरवे ठिपके नाचतात. यात होतं काय, तर जिथे खरी व्हॅल्यू २४.३ आहे तिथे नॉइज नसेल तर सगळे पिक्सेल २४ होतात, नॉइज असेल तर ते आजूबाजूच्या व्हॅल्यूंमध्ये विखुरतात, सरासरी मात्र २४.३ च्या आसपासच राहते आणि लांबून डोळा ती सरासरीच बघतो. म्हणून हे १६ बिटमध्येच करायचं, ८ बिट झाल्यावर २४.३ मधला .३ गेलेलाच असतो, मग नॉइज टाकून पट्टे फक्त झाकले जातात.

प्रीव्ह्यू मस्त. एच.२६४ एक्सपोर्ट केला, ६ एमबीपीएस, आणि पट्टे परत हजर! वरून चौकोनी ठोकळेपण. फाइल दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरला एवढा बारीक नॉइज म्हणजे फालतू खर्च वाटतो, आणि अंधाऱ्या सपाट भागात तो सगळ्यात आधी तोच उडवतो. (खात्री करायची असेल तर एक्सपोर्ट परत आत घेऊन एक्सपोजर तीन-चार स्टॉप वाढवून बघा, दाणे दिसले पाहिजेत, सपाट ठोकळे दिसले तर नॉइज मेला.)

म्हणून आधी प्रोरेस ४२२ एचक्यू ही कमी दाबलेली मास्टर फाइल काढली, ती १० बिट असते, आणि मग ffmpeg या कमांडवर चालणाऱ्या कन्व्हर्टरने एच.२६४ केली:

```
ffmpeg -i master.mov -pix_fmt yuv420p -c:v libx264 -preset slow -crf 14 -tune grain -x264-params aq-mode=3 sky.mp4
```

यातलं grain एन्कोडरला बारीक डिटेल फेकू देत नाही आणि aq-mode=3 अंधाऱ्या भागाला जास्त बिट देतो. फाइल कितीतरी पट फुगली पण लॅपटॉपवरूनच चालवायची होती, कोणाला काय फरक पडतोय. संध्याकाळी परत लावलं, पट्टे गायब. पहिल्या रांगेत बसून बघितलं तर किंचित दाणे जाणवतात, तिसऱ्या रांगेपासून काहीच नाही.

टीझर यूट्यूबवर टाकला तिथे मात्र ही युक्ती चालली नाही, ते परत स्वतःचं कॉम्प्रेशन करतात. तिथल्या व्हर्जनमध्ये मग आकाशात विरळ ढग टाकले, मोठं टेक्स्चर असल्यामुळे ते टिकलं.