स्विच जोडल्यानंतरचा पहिला क्षण

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मी परिपथ विश्लेषण शिकवते. त्या दिवशी फळ्यावर दिलेल्या गणितात एक साधा दोन लूपचा परिपथ होता. 24 व्होल्टचा स्रोत 4 ओहमच्या रोधातून एका नोडला जोडलेला होता आणि त्या नोडपासून जमिनीपर्यंत दोन शाखा होत्या. पहिल्या शाखेत 8 ओहमचा रोध आणि 20 मिलिहेन्रीचा इंडक्टर एकापाठोपाठ होते, तर दुसरीत 2 ओहमचा रोध, 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि उघडा स्विच होता. पहिली शाखा बराच वेळ चालू असल्यामुळे तिच्यातून 2 अँपिअर प्रवाह स्थिर झालेला होता. कपॅसिटर मात्र वेगळ्या स्रोतावर आधीच 10 व्होल्टपर्यंत भारित केलेला होता. स्विच जोडल्यानंतर लगेच, म्हणजे 0+ या क्षणी, कपॅसिटरमधील प्रवाह आणि इंडक्टरवरील व्होल्टेज किती, एवढाच प्रश्न होता. (मी ‘स्विच बंद केला’ असे मुद्दाम म्हणत नाही, कारण आपल्या बोलण्यात बंद केलेला स्विच म्हणजे प्रवाह तोडलेला स्विच, आणि या एका शब्दापायी मुले गणित उलट्या दिशेने सुरू करताना मी पाहिली आहेत.)

एका विद्यार्थिनीने सर्वांच्या आधी उत्तर दिले: कपॅसिटरमध्ये 1.29 अँपिअर, इंडक्टरवर शून्य व्होल्ट. तिचा युक्तिवाद नीट मांडलेला होता. “मॅडम, स्विच जोडण्याआधी इंडक्टरमधून 2 अँपिअर जात होते आणि शेवटी कपॅसिटर 16 व्होल्टला पोहोचल्यावरही 2 अँपिअरच जाणार आहेत. मग इंडक्टरला करण्यासारखे काही उरतच नाही, तो नुसती तार आहे.” सुरुवात आणि शेवट दोन्ही बरोबर होते, म्हणूनच हे उत्तर मला सरळ चूक म्हणून खोडावेसे वाटले नाही.

मी तिला तिच्याच उत्तरावरून 8 ओहमच्या शाखेतील प्रवाह काढायला सांगितले. इंडक्टर तार मानल्यावर नोडचे व्होल्टेज 12.57 येते आणि त्याला 8 ने भागले की 1.57 अँपिअर. ती तिथेच थांबली. इंडक्टरमधील प्रवाह शून्य वेळात 2 वरून 1.57 वर उतरला होता, आणि तसे घडायचे तर इंडक्टरवर अनंत व्होल्टेज लागते, तिच्या उत्तरात तर ते शून्य होते. स्विच जोडताना अखंड राहतो तो इंडक्टरचा प्रवाह. त्याच्यावरील व्होल्टेजवर असे कोणतेही बंधन नसते. कपॅसिटरचे याच्या उलट: त्याचे व्होल्टेज जागच्या जागी राहते आणि प्रवाह हवी तेवढी उडी घेऊ शकतो. तिने इंडक्टरची ‘तार’ ही 0- ची, म्हणजे स्थिर अवस्थेची ओळख, 0+ ला तशीच वापरली होती.

म्हणून 0+ च्या आकृतीत आम्ही इंडक्टरच्या जागी 2 अँपिअरचा प्रवाहस्रोत आणि कपॅसिटरच्या जागी 10 व्होल्टचा व्होल्टेजस्रोत काढला, फक्त त्या एका क्षणापुरता. नोडचे व्होल्टेज v धरून किरचॉफचा प्रवाहनियम लिहिला:

(24 − v)/4 = 2 + (v − 10)/2

यातून v = 12 व्होल्ट. कपॅसिटरचा प्रवाह (12 − 10)/2, म्हणजे 1 अँपिअर. स्रोतातून 3 अँपिअर येतात, त्यांतले 2 इंडक्टरकडे आणि 1 कपॅसिटरकडे. आता दुसऱ्या लूपमध्ये व्होल्टेजनियम लावला: 8 ओहमवर 2 अँपिअरमुळे 16 व्होल्ट पडतात आणि नोडवर आहेत फक्त 12, तेव्हा इंडक्टरवर उणे 4 व्होल्ट.

हे उणे चिन्ह वर्गाला खटकले. प्रवाह तर त्याच दिशेने वाहतो आहे! मी शक्तीचा हिशेब मांडला. स्रोत 72 वॉट देतो. तीन रोधांत 36, 32 आणि 2 वॉट खर्च होतात आणि कपॅसिटर 10 वॉट साठवतो, म्हणजे एकूण 80. उरलेले 8 वॉट इंडक्टर आपल्या साठ्यातून देतो. नोडचे व्होल्टेज 16 वरून एकाएकी 12 वर आल्यामुळे 2 अँपिअर टिकवण्यासाठी त्यालाच स्रोताची भूमिका घ्यावी लागते, आणि त्याचा प्रवाह सेकंदाला 200 अँपिअर या दराने उतरू लागतो.

त्या विद्यार्थिनीला हे आकड्यांत पटले, पण तिला ते पाहायचे होते, आणि दुपारच्या प्रात्यक्षिकात आम्ही तोच परिपथ मांडला. साध्या स्विचचे संपर्क जुळताना काही काळ उसळत राहतात आणि या परिपथातील सगळा बदल काही मिलिसेकंदांतच उरकतो. म्हणून स्विचच्या जागी मॉसफेट घेतला. इंडक्टर जमिनीच्या बाजूला ठेवला, म्हणजे ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट त्याच्यावर लावता येतो. पहिल्या वेळी स्कोपचा ट्रिगर चुकीच्या पातळीवर असल्याने काहीच पकडले गेले नाही. ट्रिगर सुधारून दुसऱ्यांदा मॉसफेट चालू केला, तर पडद्यावर सपाट रेषा. व्होल्टेजने कसलीही उडी घेतली नाही.

“मॅडम, शून्यच आले,” ती म्हणाली, आणि मला क्षणभर काही सुचेना. जोडणी पुन्हा तपासताना कपॅसिटरवर मीटर लावला, तेव्हा त्याने 16 व्होल्ट दाखवले. पहिल्या, न पकडल्या गेलेल्या प्रयत्नातच तो पूर्ण भारित झाला होता आणि मॉसफेट बंद झाल्यावर तो भार तसाच राहिला होता. नोडही 16 व्होल्टवर, कपॅसिटरही 16 वर. मग प्रवाह कुठून येणार? तिने वहीत समीकरणातील 10 खोडून 16 लिहिले आणि v = 16, प्रवाह शून्य, इंडक्टरवर शून्य असे उत्तर काढून दाखवले. इंडक्टरवर शून्य व्होल्ट हे तिचे सकाळचे उत्तर खरे ठरते ते फक्त या एकाच आरंभस्थितीत, हे तिने मी सांगण्यापूर्वीच ओळखले.

त्यानंतर दर वेळी कपॅसिटर आधी रिकामा करून पुन्हा 10 व्होल्टपर्यंत भारित करायचा, असे ठरवले. आता पडद्यावर उडी स्पष्ट दिसली, पण ती उणे 4 वर नव्हे, उणे 3 च्या जवळ थांबली. याचे कारण उडीच्या आधीच्या रेषेत होते: ती शून्यावर नसून अधिक 1 वर होती. आमच्या इंडक्टरच्या तारेचाच रोध सुमारे अर्धा ओहम आहे आणि त्याची भर धरूनच बाहेरचा रोध 7.5 ओहमचा लावला होता. प्रोबला 2 अँपिअरमुळे या रोधावर पडणारा 1 व्होल्टही दिसतो, आणि तो उडीच्या आधी व नंतर सारखाच असतो. म्हणून पडद्यावर वाचायची ती उडीची उंची, आणि ती 4 व्होल्टच होती. 2 ओहमच्या रोधावर दोन चॅनेलांच्या वजाबाकीने सुमारे 2 व्होल्ट दिसले, म्हणजे कपॅसिटरचा 1 अँपिअरही जुळला.

विद्यार्थिनीने मग वेळेचा पट्टा रुंद केला. इंडक्टरचे व्होल्टेज उणे 3 वरून चढत जवळपास 1 मिलिसेकंदाला 1 व्होल्टच्या किंचित खालची पातळी ओलांडत होते, थोडे वर जाऊन पुन्हा 1 वर स्थिरावत होते. त्या ओलांडण्याच्या ठिकाणी प्रवाहाचा उतार थांबतो आणि चढ सुरू होतो. गणिताने तिथला प्रवाह सुमारे 1.93 अँपिअर येतो. “म्हणजे 2 पासून 2 पर्यंत जाताना तो मध्ये 0.07 ने खाली येऊन गेला,” असे म्हणत तिने वहीत सकाळच्या उत्तराशेजारी तो छोटा खळगा काढला आणि खाली वेळ लिहिली: 1 मिलिसेकंद.