'वेळोवेळी'

2024 ची घटस्थापना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. निम्मं पोलीस ठाणं बंदोबस्तावर. मी तेव्हा तालुक्याच्या ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होते. सकाळी अकराच्या सुमारास चौघं जण आत आले. सव्वीस वर्षांची मुलगी, तिचे वडील, आई आणि मामा. सोबत भरोसा सेलचं पत्र होतं. तिथे समुपदेशनाच्या तीन तारखा झाल्या, त्यात सहा आठवडे गेले, नवरा एकदाच आला, समेट झाला नाही, म्हणून गुन्हा नोंदवण्यासाठी प्रकरण आमच्याकडे पाठवलं होतं.

पत्राला वकिलाकडून टाईप करून घेतलेला चार पानी अर्ज जोडला होता. त्यात सात नावं होती: नवरा, सासू, सासरे, दीर, जाऊ, नणंद आणि नणंदेचा नवरा. सगळ्यांसाठी मिळून एकच वाक्य होतं. 'वरील सर्वांनी संगनमत करून वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ केला, उपाशीपोटी ठेवले व माहेरहून पैसे आणण्याचा तगादा लावला.' हे वाक्य मी शंभरेक अर्जांत वाचलं असेल. नावं तेवढी बदलतात.

या 'वेळोवेळी'चा मी धसका घेतलाय. कोणत्या वेळी, कोणी, कुठे, काय म्हणून, हे चारही प्रश्न तो एकटा शब्द गिळून टाकतो. पुढे सासरची मंडळी गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जातात तेव्हा त्यांच्या वकिलाला फार कष्ट पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बिहारच्या एका प्रकरणात आणि डिसेंबर 2024 मध्ये तेलंगणाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं, की विशिष्ट आरोप नसताना अख्ख्या कुटुंबाला आरोपी करता येणार नाही. लोकांना वाटतं, यातून नवऱ्याकडचे निर्दोष लोक वाचतात आणि विषय संपला. पण तेवढ्यावर भागत नाही. सातांतले तीन जण सुटले की उरलेल्या चौघांचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यांच्यावरूनच विचारतो. "त्यांच्याबद्दल खोटं सांगितलंत, मग यांच्याबद्दल खरं कशावरून?"

मी सगळ्यांना बाहेर बसवलं. आत ती, मी आणि संगणकावर जबाब टाईप करणाऱ्या आमच्या महिला हवालदार. मामा दारातून म्हणाले, "मॅडम, नणंदेचं नाव तेवढं राहू द्या. मुलीला पोलिसांचा फोन गेल्याशिवाय सासू ताळ्यावर येणार नाही." त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटाघाटीत हुकमी पान हातात ठेवावं तसं ते बोलत होते.

अर्ज बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, "हे कागद विसर. तुला आठवतंय तसं सांग."

"सारखंच मारायचे."

"शेवटचं कधी?"

"तारीख नाही आठवत, मॅडम." मग थोडं थांबून म्हणाली, "पण त्या दिवशी मी दिंड उकडत होते."

पुरणाचे दिंड आमच्याकडे नागपंचमीला करतात. त्या दिवशी तवा चुलीवर चढत नाही, काही चिरायचं नाही. म्हणजे 9 ऑगस्ट. एकदा दिंडांचं भांडं आठवलं तसा पुढचा धागा आपोआप सुटत गेला. नवऱ्याला मालवाहू टेम्पो घ्यायचा होता. आधी दीड लाख आले होते, आणखी दीड लाख हवे होते. सासू म्हणाली, "बापाला फोन लाव, आजच विचार." तिने नाही म्हटल्यावर नवऱ्याने हात पिरगाळला आणि ढकललं. डावं मनगट ओट्याच्या कडेवर आपटलं. ती दाराकडे धावली तर दिराने कडी लावली आणि मोबाईल काढून घेतला.

दीर! अर्जात तो नणंदेच्या नवऱ्याइतकाच होता, सातांतला एक. प्रत्यक्षात तो दाराशी उभा होता.

"आणि जाऊ?"

"ती माहेरी गेली होती, पंचमीला."

"नणंद?"

ती गप्प झाली. नणंद पुण्याला असते, लग्न होऊन नऊ वर्षं झालीत. "मी तिला फोन केला होता, त्याच्या आधी एकदा. ती म्हणाली, आमच्याकडे असंच असतं, सांभाळून घे." डोळे भरून आले ते इथे. मनगटाचं सांगताना आले नव्हते. आपल्याच वयाच्या बाईने असं म्हणावं हे तिला खोल लागलं होतं, आणि ते रास्त होतं. पण ते वाक्य गुन्हा नाही.

नाव काढ असं मी तिला सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. फिर्याद तिची, ती जे सांगेल ते लिहिणं माझं काम. मी टाईप करायला सांगितलं ते एवढंच: 'नणंदेस फोनवर त्रासाबाबत सांगितले असता, आमच्याकडे असेच असते, सांभाळून घे, असे ती म्हणाली.' पुढे 'तिनेही छळ केला' हे शेपूट नाही. नणंदेच्या नवऱ्याने काय केलं, असं विचारलं तर म्हणाली, "त्यांनी काहीच नाही केलं." तेही जसंच्या तसं लिहिलं. मामा नंतर नावं मोजून समाधानाने गेले.

जबाबाला साडेचार तास लागले. मधे एकदा चहा झाला आणि एकदा वीज गेली.

खरी अडचण पैशांच्या परिच्छेदात होती. अर्जात लिहिलं होतं, 'वडिलांनी जावयास 1,50,000 रुपये हातउसने दिले.' वडिलांना आत बोलावून विचारलं, "काका, हातउसने म्हणजे परत मिळणार होते का?" त्यांनी मान खाली घातली. हुंडा देणाऱ्यालाही शिक्षा आहे, 1961 चा कायदा तुमच्याही अंगावर येईल, अशी भीती कोणीतरी त्यांना घातली होती. त्याच कायद्याच्या कलम 7 मध्ये आहे, की पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच या कायद्याखाली खटला भरता येत नाही. तेवढं सांगितल्यावर त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं. जानेवारी 2024, एनईएफटी, जावयाच्या खात्यावर दीड लाख. त्याच्या दोन दिवस आधी त्यांनी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून सोनेतारण कर्ज उचललं होतं, त्याची पावती. 'हातउसने' हा शब्द फिर्यादीत गेला असता तर प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा सासऱ्या-जावयातला उसनवारीचा व्यवहार झाला असता.

गुन्ह्याला कलमं दोन्ही कायद्यांची लागली. नवीन कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले. त्याआधीच्या मागण्यांना भारतीय दंड संहितेचं 498-अ आणि नागपंचमीच्या प्रसंगाला भारतीय न्याय संहितेचं 85. संगणकावर ते बसवता बसवता हवालदारबाई घामाघूम झाल्या.

संध्याकाळी सहाला वडिलांनी विचारलं, "मग आज उचलणार ना त्याला?" मी नाही म्हटलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन मामा काय बोलले ते मला ऐकू आलं. पाकीट पोहोचलं असणार, असंच काहीतरी. 2014 मध्ये अर्नेश कुमार विरुद्ध बिहार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. का हवी, याची कारणं लेखी नोंदवायची, आणि दंडाधिकाऱ्यांनीही ती पाहिल्याशिवाय कोठडी द्यायची नाही. कारण नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. त्या निकालाआधी मी शिपाई होते. सत्तरीच्या म्हाताऱ्यांना रात्री उचलून आणलेलं मी पाहिलंय, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात त्यांच्या सुटकेचा सौदा होतानाही पाहिलंय. त्यामुळे या निकालाबद्दल माझी तक्रार नाही.

नोटिसा दिल्या आणि पुराव्यामागे लागले. ग्रामीण रुग्णालयाचा 9 ऑगस्टचा केसपेपर मिळाला. डाव्या मनगटाला अस्थिभंग. पण इजेचं कारण? 'घरात पाय घसरून पडल्याने.' तेव्हा शेजारी सासू उभी होती, दुसरं काय सांगणार होती ती? तिच्या आईच्या जबाबात होतं, की त्या रात्री साडेनऊला शेजारणीच्या मोबाईलवरून मुलीचा फोन आला, ती रडत होती. कॉलचा तपशील मागवला. 9:34 वाजता, सात मिनिटं. शेजारीण आधी म्हणाली, मला काही माहीत नाही. कागद दाखवल्यावर म्हणाली, "फोन मीच दिला. आवाज भिंतीपलीकडून आला होता." तिचा जबाब झाला.

पुढे जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलाहाबाद उच्च न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्यांत अटकेआधी दोन महिने थांबून प्रकरण कुटुंब कल्याण समितीकडे पाठवण्याचं आहे. अशाच समित्या 2017 मध्ये एकदा आल्या होत्या, 2018 मध्ये त्याच न्यायालयाने त्या रद्द केल्या. समेट होत असेल तर व्हावा, मी आड येणार नाही. पण ज्या प्रकरणात मार आहे तिथे दोन महिन्यांत प्लास्टर निघतं, मोबाईल बदलतो आणि शेजारीण पुन्हा म्हणते, मला काही माहीत नाही. या प्रकरणातही भरोसा सेलचे सहा आठवडे मला परवडले ते केवळ केसपेपर आधीच झाला होता म्हणून.

नवऱ्याने स्वतःच माझं काम सोपं केलं. नोटीस मिळाल्यावर नवव्या दिवशी त्याने सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर आवाजी संदेश पाठवला: "केस काढा, नाहीतर शेजारणीला पण बघतो आणि तुम्हाला पण." साक्षीदाराला धमकी. आता अटकेचं कारण लिहिण्यासाठी मला शब्द शोधावे लागले नाहीत. संदेशाचा मोबाईल पंचनाम्याने जप्त केला, कारणं नोंदवली, त्याला अटक केली. दंडाधिकारी मॅडमनी कारणांचा कागद दोनदा वाचला, आवाजी संदेशाचा उतारा मागितला आणि एक दिवसाची पोलीस कोठडी दिली. चौथ्या दिवशी त्याला जामीन मिळाला, साक्षीदारांच्या गावात न जाण्याच्या अटीवर.

स्त्रीधनाच्या पंचनाम्यात कपाट, भांडी, शिलाई मशीन सापडलं. गंठण आणि झुबे नव्हते. लग्नाच्या फोटोत ते स्पष्ट दिसत होते, सराफाचं बिलही वडिलांच्या नावाचं होतं. सासूच्या डब्यात एक चुरगळलेली पावती सापडली. दागिने नवऱ्याच्या नावाने एका पतसंस्थेत तारण होते, टेम्पोच्या पहिल्या हप्त्यासाठी. म्हणून फौजदारी विश्वासघाताचं कलम वाढलं.

दोषारोपपत्र चौघांवर गेलं: नवरा, सासू, सासरे, दीर. जाऊ, नणंद आणि तिचा नवरा यांच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी दिला. जबाबातली वाक्यंच तसं सांगत होती. दिराने उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज केला होता. दाराची कडी आणि मोबाईल हे दोन्ही फिर्यादीत तारखेसह असल्याचं पाहून त्याच्या वकिलाने तो मागे घेतला.

सासऱ्यांच्या बाबतीत मला आजही खात्री नाही. तिने सांगितलं होतं, ते आतल्या खोलीत बसून "हळू, हळू, लोक ऐकतील" असं म्हणत होते. मी ते तसंच लिहिलं. त्याला काय म्हणायचं ते न्यायालय ठरवेल.

खटला अजून उभा राहिलेला नाही. दागिने मुद्देमाल म्हणून जप्त आहेत, पतसंस्थेनेही त्यांच्यावर हक्क सांगितलाय. मागच्या महिन्यात तिच्या वडिलांचा फोन आला. गंठण सुपूर्दनाम्यावर मिळेल का, विचारत होते. अर्ज कसा करायचा ते सांगितलं, बिलाची मूळ प्रत जपून ठेवायला सांगितली. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी बाहेर आमचे मेहुणे काहीबाही बोलले होते."

"ऐकलं होतं मी," म्हटलं.