पाच मिनिटांत एक वाक्य

"पाच मिनिटांच्या लाइटनिंग टॉकमध्ये नेमकं किती मावतं हो? मी कितीही काटछाट केली तरी शेवटाआधीच वेळ संपते."

एक वाक्य मावतं. उरलेला वेळ ते पटवून देण्यात जातो.

माझा पहिला लाइटनिंग टॉक टाइमझोनवर होता. स्लाइड्स चौदा. नवव्या स्लाइडवर असतानाच सूत्रधार उठून उभा राहिला आणि मुख्य मुद्दा बाराव्यावर होता! पुढच्या वेळी मी उलट्या टोकाने सुरुवात केली. शेवटचं वाक्य आधी लिहिलं: "पुढची भेट साठवताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ नको, तिथल्या घड्याळातली वेळ आणि झोनचं नाव साठवा." या वाक्याला ज्याची गरज नाही ते सगळं गेलं. लीप सेकंद गेले, उन्हाळी वेळेचा इतिहास गेला. इतिहास काढताना जिवावर आलं, कारण तो मला सगळ्यात आवडायचा.

उरलं एक उदाहरण. इस्तंबूलमध्ये नोव्हेंबर 2016 मधली सकाळी दहाची भेट कुणी उन्हाळ्यातच नोंदवून ठेवली. हिवाळ्यात तिथलं घड्याळ यूटीसीच्या दोन तास पुढे असायचं, म्हणून डेटाबेसमध्ये आठ पडले. मग सप्टेंबरमध्ये तुर्कस्तानने घड्याळं मागे न नेता कायम तीन तास पुढेच ठेवायचं ठरवलं. डेटाबेसमधले आठ तसेच राहिले, पण पडद्यावर भेट अकराची दिसू लागली.

यासाठी तीन स्लाइड्स पुरल्या. पहिलीवर "10:00", दुसरीवर "11:00", तिसरीवर दोनच रकाने: वेळ आणि `Europe/Istanbul`. दुसरी स्लाइड आली की मी दोन-तीन सेकंद गप्प राहतो. लोकांना चूक स्वतः सापडली पाहिजे.

मी मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, म्हणून चारशेच लिहितो. तालीम उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करायची. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमीच भरते. विषयातला नसलेला एखादा मित्र समोर बसवतो आणि शेवटी विचारतो, "काय सांगितलं मी?" त्याच्या उत्तरात दोन मुद्दे आले तर एक अजून कापायचा राहिलाय. आणखी एक खूण: तीन मिनिटं झाली आणि तिसरी स्लाइड आली नसेल, तर मधलं सोडून थेट तिच्यावर उडी. शेवटाचं वाक्य पाठ असल्यामुळे तेवढी हिंमत होते.

आभाराची किंवा 'प्रश्न?' अशी स्लाइड मी ठेवत नाही. वाक्य म्हणायचं, दोन रकाने पडद्यावर तसेच सोडायचे आणि बाजूला व्हायचं.

दुसऱ्यांदा तो टॉक चार मिनिटं चाळीस सेकंदांत संपला. नंतर एकाने जिन्यात गाठून विचारलं, "होऊन गेलेल्या गोष्टींच्या नोंदी मात्र यूटीसीतच ठेवायच्या ना?" हो. ती माझी कापलेली सहावी स्लाइड होती.