बंद दार आणि चार तारखा: परिवीक्षेचा माझा अनुभव

दोषी ठरवलं तो दिवस मला फारसा आठवत नाही. आठवतो तो परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरचा लोखंडी बाक. त्या बाकावर मी तीन रजा घालवल्या, आणि त्यातल्या दोन वाया गेल्या. हे लिहितोय ते त्यामुळेच.

प्रकरण बांधाचं. 2019 च्या पावसाळ्यात चुलतभावाशी बांधावरून शब्दाला शब्द लागला आणि माझ्या हातातला फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं नाही, पण टाके पडले. भादंविचं कलम 324 लागलं, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद. मारलं होतं हे खरंच होतं. चार वर्षं तारखा चालल्या आणि निकाल लागला तेव्हा मी 29 वर्षांचा होतो. आधीचा एकही गुन्हा नावावर नव्हता.

दोषी धरल्यावर न्यायाधीश साहेबांनी विचारलं, ‘शिक्षेबद्दल काही सांगायचंय?’ आमच्या वकिलांनी तिथेच अर्ज दिला: 1958 च्या गुन्हेगार परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 4 खाली कैदेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं, म्हणजेच परिवीक्षेवर. अर्ज आधीपासून टाइप करून ठेवलेला होता. हे लक्षात ठेवा, कारण या प्रश्नाला उत्तर द्यायला फार वेळ मिळत नाही. तिथं राहून गेलं तर अपिलातही मागता येतं, पण तोवर शिक्षा डोक्यावर असते. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यात कलम 4 चालत नाही. बाकी गुन्ह्यांत गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाची वागणूक पाहून कोर्ट ठरवतं. आरोपी 21 वर्षांच्या आतला असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागतो. माझं वय जास्त होतं, तरी साहेबांनी मागवला आणि तोवर आहे त्याच जामिनावर राहू दिलं.

इथून पुढचे चार महिने त्या अहवालाचे.

पहिल्या तारखेला अहवाल आलेलाच नव्हता. दुसऱ्यालाही नाही. कळलं की अधिकाऱ्यांकडे दोन जागांचा कार्यभार आहे आणि आमचं पत्र फायलीत आहे. मी वाट पाहत बसलो. माझी सगळ्यात मोठी चूक तीच. मला वाटलं, कोर्टानं मागवलंय, ते पाठवतील, आपण मध्ये पडायचं कशाला?

तिसऱ्या तारखेला अहवाल आला. तो गोपनीय असतो, प्रत आपल्या हातात येत नाही. साहेबांनी मथितार्थ सांगितला: आरोपी दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. वकिलांचा चेहराच उतरला. कारण कलम 4 खाली सोडायचं तर आरोपीचं किंवा जामीनदाराचं कायमचं ठिकाण किंवा नियमित काम असावं लागतं. तो भाग कोर्टाच्या हद्दीत हवा, नाहीतर मुदतीत आरोपी जिथे राहणार असेल तिथला हवा. ठिकाणच नसलेल्या माणसाला हमीवर कोण सोडेल?

झालं होतं असं. मी कामाला चाकणला, भाड्याच्या खोलीत. कोर्टात पत्ता फक्त गावचा दिलेला. अधिकारी मॅडम गृहभेटीला गावी आल्या तेव्हा कांदा काढणी चालू होती, आई रानात, दाराला कुलूप. त्यांनी शेजारच्या दारात विचारलं. शेजारचं दार म्हणजे चुलतभावाचंच, मधली भिंतसुद्धा एकच. ‘तो इथं नसतो,’ असं तिथून उत्तर मिळालं. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मी दर पंधरवड्याला येतो, आई माझ्यावर आहे, रेशनकार्डात माझं नाव आहे, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

वकिलांनी फेरअहवाल मागितला, साहेबांनी एक महिन्याची तारीख दिली. आता मात्र मी स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. पहिल्या दिवशी मॅडम निरीक्षणगृहाच्या बैठकीला गेलेल्या. आठ दिवसांनी पुन्हा गेलो तर त्या दौऱ्यावर. दोन्ही वेळा फोन करून गेलो असतो तर रजा वाचली असती. राग आला होता, पण तो दाखवायचा कुणाला? तिसऱ्यांदा भेट झाली. त्यांनी फाईल काढली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, ‘अहो, आधीच यायचंत ना! मी तुमच्या दारात उभी राहून आले.’

मग तासभर बसवून घेतलं. पगार किती, दारू पिता का, घरी कोण कोण, भांडण नेमकं कशावरून, त्यानंतर भावाशी बोलणं आहे का, जे केलं त्याबद्दल आज काय वाटतं. शेवटच्या प्रश्नाला मी शिकवलेलं उत्तर दिलं नाही. त्याच्या खांद्याचा टाके घातलेला व्रण मला अजून दिसतो, एवढंच म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. मी कंपनीचं पत्र, खोलीचा भाडेकरार आणि रेशनकार्डाची प्रत दिली. पोलीस पाटलांचा आणि आईचा नंबर लिहून दिला. मॅडम पुन्हा गावात येऊन गेल्या, या वेळी आई दारात होती. तेव्हा तुम्हाला सांगणं एवढंच: अहवाल मागवण्याचा आदेश झाल्याच्या आठवड्यातच त्या कार्यालयात जा आणि राहता तो आणि गावचा, दोन्ही पत्ते लिहून द्या.

चौथ्या तारखेला आदेश झाला. दोन वर्षांचा बाँड, 15 हजारांचा, एक जामीनदार. मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते. मामा सातबारा घेऊन उभे राहिले. जखमीला 10 हजार भरपाई, ती मी त्याच दिवशी भरली. शिवाय एक वर्ष देखरेख. देखरेखीचा आदेश झाला की तो एका वर्षापेक्षा कमी नसतो. अटी अशा: महिन्यातून एकदा हजेरी, नशापाणी नाही, फिर्यादीला आणि साक्षीदारांना त्रास नाही, पत्ता बदलण्याआधी कळवायचं, नवा गुन्हा नाही.

हजेरीसाठी दर महिन्याला चाकणहून जिल्ह्याला जाणं शिफ्टमध्ये बसेना. दोन महिन्यांनी वकिलांनी अर्ज दिला आणि माझी देखरेख पुणे जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे गेली. अटी बदलून घेता येतात, गुपचूप गैरहजर राहू नका. अट मोडली तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. पहिल्याच वेळी 50 रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालू ठेवता येतो, पण मूळ गुन्ह्याची शिक्षासुद्धा देता येते. कुठलं होईल ते आपल्या हातात नाही.

नोकरीबद्दल बरेच जण विचारतात. कलम 12 मुळे शिक्षेसोबत येणारी अपात्रता लागत नाही. पण दोषी ठरवलं गेलं हे पुसलं जात नाही, आणि सरकारी नोकरीत मूळ वागणुकीवरून खातं वेगळी कारवाई करू शकतं. फॉर्मवर ‘दोषी ठरला आहात का’ असं विचारलं असेल तर मी ‘हो’ लिहितो आणि आदेशाची नक्कल जोडतो. नक्कल सुरुवातीलाच चार-पाच काढून ठेवा.

देखरेखीचं वर्ष संपलं त्या दिवशी पुण्याच्या अधिकाऱ्यांनी नोंदवहीत शेवटची सही घेतली. रविवारी गावी गेलो. चुलतभाऊ बांधावर पाणी वळवत होता. खांद्याकडे पाहणं मी टाळलं नाही. त्यानं माझ्या हातातलं फावडं मागितलं, मी दिलं.