तुम्ही विचारलंत म्हणून: 'दुष्परिणाम' का लिहीत नाही

"'प्रतिकूल घटना' असलं पुस्तकी कशाला लिहिता? सरळ 'दुष्परिणाम' लिहा की. पेशंटला तोच शब्द कळतो."

कळतो, हे खरं आहे, आणि माझी अडचणही तीच आहे. 'दुष्परिणाम' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो, कशाचा? परिणाम म्हटल्यावर कारण आलंच. औषधाच्या चाचणीच्या कागदावर तो शब्द दिसला की वाचणारा 'गोळीचा' हे उत्तर स्वतःच भरून टाकतो, आणि मग जे गोळीमुळे झालं असं त्याला वाटत नाही ते सांगतच नाही. चाचणीचे कागद मी इंग्रजीतून मराठीत आणतो, आणि ज्याला मी 'प्रतिकूल घटना' लिहितो त्या मूळ ॲडव्हर्स इव्हेंट या शब्दात मात्र कारण मुद्दाम ठेवलेलं नाही. माणूस चाचणीत असताना त्याच्या तब्येतीला जे काही वाईट झालं ते सगळं त्यात येतं, मग औषधाशी संबंध असो वा नसो. 2019 च्या आपल्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांतली व्याख्याही अशीच आहे. लक्षण असो, आजार असो, रक्ताच्या तपासणीतला बिघाड असो, उपचाराशी नातं असलंच पाहिजे अशी अट नाही.

एका नोंदवहीचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण माझं मत तिथे बदललं. मधुमेहाची चाचणी होती. नवी गोळी की औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. ग्लिमेपिराईड ही साखर उतरवणारी गोळी आधीपासून चालू होतीच, त्यावर ही वाढवलेली. घरी नेण्याच्या नोंदवहीत दर आठवड्याला एक ओळ भरायची होती. मूळ इंग्रजीत ॲडव्हर्स इव्हेंट होतं, मराठीत छापलं होतं: 'गेल्या आठवड्यात औषधाचे काही दुष्परिणाम जाणवले का?' ते भाषांतर माझंच. 'औषधाचे' हा शब्द मुळात नव्हता, वाक्य मराठीत नीट बसावं म्हणून मी घातला होता.

कागलकडचा एक शेतकरी त्या चाचणीत होता. उसाच्या तोडीचे दिवस. दुपारचं जेवण राहिलं, संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि तो रस्त्याकडेला पडला. लोकांनी साखरपाणी दिलं, गावातल्या दवाखान्यात नेलं. खांद्याला मार होता म्हणून दोन रात्री ठेवून घेतलं. त्या आठवड्याच्या ओळीत त्यानं 'नाही' लिहिलं. पुढच्या भेटीला बायकोनं खांद्याचा विषय काढला तेव्हा कळलं. तोवर नऊ दिवस गेले होते. नोंदवहीत का लिहिलं नाही असं विचारल्यावर तो म्हणाला, "गोळीनं काय न्हाय झालं ओ. गाडीवरनं पडलो, त्ये येगळं." खिशातल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर पहिल्या तपासणीची साखर लिहिलेली होती, 52.

त्यानं चुकीचं काहीच लिहिलं नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचं त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. 70 च्या खाली साखर गेली की ती कमीच धरतात, 54 च्या खाली गेली की डॉक्टर काळजीत पडतात. म्हणजे पडण्याचं मूळ साखरेत असण्याची शक्यता मोठी. पण साखर का उतरली? ग्लिमेपिराईडनं उतरते, वर जेवण चुकलं तर जास्तच. त्यात चाचणीच्या गोळीचा हात होता का? कुणाच्या हातात कोणती गोळी आहे हेच झाकलेलं असताना एका माणसाकडे बघून हे ठरवता येत नाही. दोन्ही गटांत किती जण घामाघूम झाले, किती पडले, हे शेवटी मोजून शेजारी ठेवलं तर काही दिसतं. आणि मोजायला आधी सगळ्यांचं पडणं नोंदवहीत यावं लागतं. माझ्या एका शब्दानं ते गाळणीतून खाली जाऊ दिलं नाही.

आणखी एक गोष्ट. पडणं किरकोळ होतं, पण दवाखान्यात भरती झाली होती. मृत्यू, जिवाला धोका, भरती किंवा वाढलेली भरती, कायमचं अपंगत्व, बाळातला जन्मजात दोष, यातलं काही असलं की ती 'गंभीर' घटना ठरते, आणि अशी घटना 24 तासांत नियामक, प्रायोजक आणि नैतिकता समिती या तिघांना कळवायची असते. उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. इथे कारण काय द्यायचं? नोंदवहीतला मराठी प्रश्न. (जाता जाता: 'गंभीर' हा शब्द या यादीसाठीच राखून ठेवा. त्रास किती जोराचा आहे हे सांगायला 'तीव्र' वापरा. डोकेदुखी तीव्र असूनही गंभीर नसते, आणि या शेतकऱ्याची घटना तीव्र नसूनही गंभीर होती. दोन्हीकडे 'गंभीर' लिहिलेले कागद अजून दिसतात.)

मग 'दुष्परिणाम' कुठेच नको का? तसं नाही. संमतीपत्रात जिथे खरोखर 'या औषधामुळे पूर्वी लोकांना काय त्रास झाला' हे सांगायचं आहे, तिथे साइड इफेक्टला तोच शब्द योग्य आहे. फक्त मूळ इंग्रजीच तिथे ढिली असू शकते. साइड इफेक्ट म्हणजे नेहमीच्या डोसला, औषधाच्या गुणधर्मामुळेच, पण हेतू नसताना होणारा परिणाम, आणि तो वाईटच असतो असंही नाही. म्हणून औषधांच्या नियमांत देशोदेशी मेळ घालणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या 1994 च्या ई2ए मार्गदर्शिकेनं सांगितलं की हा जुना शब्द प्रतिकूल घटनेच्या किंवा प्रतिकूल प्रतिक्रियेच्या अर्थानं वापरू नये. तरी वापरतात. 'इतक्या जणांना साइड इफेक्ट झाले' असं मुळात असेल आणि आकडे सगळ्या घटनांचे असतील, तर मराठीत गुपचूप दुरुस्त करू नका. प्रायोजकाला लेखी विचारा. मूळ बदललं की मराठी बदलेल.

ॲडव्हर्स रिॲक्शन म्हणजे ज्या घटनेशी औषधाचं नातं असण्याची वाजवी शक्यता आहे ती. डॉक्टरांच्या कागदात 'प्रतिकूल प्रतिक्रिया' चालतं. पेशंटच्या कागदात मला ते पटत नाही, कारण आपल्याकडे 'गोळीची रिॲक्शन आली' म्हणजे अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले, एवढंच समजतात. तिथे मी 'औषधामुळे होणारा त्रास' लिहितो. हा अपवाद मला अजून खुपतो. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी, हा नियम मीच सगळ्यांना सांगत आलो आहे. सध्या शब्दयादीत वाचणारा कोण त्यानुसार दोन रकाने ठेवतो, आणि एका रकान्यातला शब्द दुसऱ्यात जाऊ देत नाही.

कॉम्प्लिकेशनला 'गुंतागुंत' हा शब्द पक्का आहे, पण त्याच्याबरोबर 'कशाची' हे हवंच. मधुमेहाची गुंतागुंत म्हणजे डोळे, मूत्रपिंड, पाय. शस्त्रक्रियेची म्हणजे जखमेत पू, रक्तस्राव. नुसतं 'गुंतागुंत झाल्यास कळवा' लिहिलं तर पेशंटला प्रकरण अवघड झालंय एवढंच कळतं, काय कळवायचं ते कळत नाही. इथला खरा घोटाळा मात्र वेगळा आहे. हे सगळे शब्द म्हणजे वेगवेगळे डबे आहेत असं समजून भाषांतर करतात. त्याच शेतकऱ्याच्या पायाला चाचणीच्या मध्यात जखम झाली आणि चिघळली, तर ती मधुमेहाची गुंतागुंत आहे आणि त्याच वेळी चाचणीतली प्रतिकूल घटनाही आहे. चाचणीत येण्याआधीपासून असेल तर ती घटना नाही, पूर्वेतिहास आहे. पण नंतर वाढली, तर ते वाढणं घटना आहे. म्हणून 'ही गुंतागुंत आहे, प्रतिकूल घटना नव्हे' असं वाक्य मराठीत तयार झालं की मूळ परत उघडून बघायचं.

आता नोंदवहीचा प्रश्न. बदलून तो असा झाला: 'गेल्या भेटीपासून तब्येतीला काही त्रास किंवा बिघाड झाला का? औषधामुळे झाला असं वाटत नसलं तरी लिहा.' मला त्यात 'पडणं, ताप, दवाखान्यात जाणं' हेही घालायचं होतं. घातलं नाही. उदाहरणं दिली की लोक तीच जास्त लिहितात, आणि इतर भाषांतल्या केंद्रांत ती नसतील तर मोजमाप बिघडतं. घालायची तर मुळातच घालून सगळीकडे घालावी लागतात. एवढ्या बदलालाही नवा आवृत्ती क्रमांक, नवी तारीख, मराठीवरून परत इंग्रजीत उलट भाषांतर आणि नैतिकता समितीची मंजुरी लागली. संमतीपत्रात 'प्रतिकूल घटना' हा शब्द ठेवला, पण पहिल्यांदा येतो तिथेच अर्थासकट: 'अभ्यासात असताना तुमच्या तब्येतीला झालेला कोणताही त्रास, तो औषधामुळे असो वा नसो.'

तपासायची रीत सोपी आहे, फसगत विभक्तीत होते. फाईलमध्ये 'प्रतिकूल घटना' शोधलं तर 'प्रतिकूल घटनेची', 'प्रतिकूल घटनेत' सापडत नाहीत. त्यामुळे 'प्रतिकूल घट' एवढंच शोधा. मग 'दुष्परिणा' शोधा आणि प्रत्येक जागी मूळ इंग्रजी शब्द लिहून काढा. तिथे ॲडव्हर्स इव्हेंट निघाला की चूक सापडली. संमतीपत्र, नोंदवही, खिशात ठेवायचं कार्ड, फोनवर बोलायची संहिता, सगळ्यांत. फोनची संहिता बहुतेकदा राहते, कारण ती शेवटी येते आणि दुसऱ्याच कुणाकडून भाषांतर होऊन येते. उलट भाषांतरावर मात्र विसंबू नका. 'दुष्परिणाम'चं उलट भाषांतर अनेकदा ॲडव्हर्स इफेक्ट होऊन येतं, तपासणाऱ्याला ॲडव्हर्स दिसतं आणि तो पुढे जातो.

'प्रतिकूल घटना' मला आवडते असं नाही. 'घटना' म्हटलं की काहींना अपघात आठवतो, काहींना संविधान. 'दुष्परिणाम लिहा, लोकांना कळतो' हे एकेकाळी मीही म्हणायचो, आणि ते म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. नर्स वाचून दाखवताना शेवटी "म्हणजे काय साइड इफेक्ट झाले का" असंच विचारते, आणि तिथे माझ्या कागदाचा उपयोग संपतो. म्हणून आता तिच्या हातातल्या कागदावर, शब्दाच्या खालीच, बोलायचं वाक्यही छापून देतो: "मागच्या टायमाला आलात, तेव्हापासनं तब्येतीला काय काय झालं, सगळं सांगा."