पॉलिहाऊस, संत्रा आणि पोराची मजुरी

बँकेत शेतीकर्जाचं काम करतो, नागपूर जिल्ह्यातल्याच एका शाखेत. मागच्या डिसेंबरात कळमेश्वरकडचे एक काका अन् त्यांचा पोरगा आले. वीस गुंठे जागा तीच, पण पोराला तिथे रंगीत शिमला मिरचीचं पॉलिहाऊस पाहिजे आणि बापाला संत्रा. काका म्हणाले, "साहेब, बाग वीस वर्सं देते, अन् हे प्लास्टिकचं घर दहा वर्सात भंगार. अन् तुमी याले बावीस लाख देता?"

पोराकडे कन्सल्टंटचा छान बाइंड केलेला रिपोर्ट होता. खर्च २२ लाख, दरवर्षी निव्वळ साडेपाच लाख, म्हणजे चार वर्षांत पैसे वसूल. मी पहिले वर्षवार तक्ता उघडला तर सगळी वर्षं सारखी, आणि तिथंच मला खटकलं, कारण खरं पॉलिहाऊस कधी सारखी वर्षं देत नाही. प्लास्टिकचा पेपर तीन-चार वर्षांत पिवळा पडतो, फाटतो, तो बदलायला मजुरीसकट दोन लाख धरा, रिपोर्टात त्याचं नावच नाही. आणि आपलं मे महिन्याचं ऊन! बाहेर पंचेचाळीस असताना नुसत्या हवा खेळणाऱ्या पॉलिहाऊसमधे त्याहून जास्त होतं, फॉगर लावले तरी शिमल्याची फुलं गळतात. म्हणजे उन्हाळ्यातले दोन-तीन महिने गेलेच. रिपोर्ट बहुतेक नाशिक-पुण्याकडचा उचललेला होता, पान नंबर पण जुनेच.

म्हणून तिघं मिळून नवीन तक्ता केला. आयुष्य दहा वर्षं, पहिल्या वर्षी अडीच लाख कारण शिकण्यात वेळ जातो, नंतर दरवर्षी सव्वाचार लाख, चौथ्या आणि सातव्या वर्षी पेपरचे दोन-दोन लाख वजा. मग प्रत्येक वर्षाचा पैसा १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणला. काकांना सांगितलं, दहाव्या वर्षी मिळणारा रुपया आज बत्तीस पैशांचा, कारण आज हातात असता तर व्याजाने वाढला असता ना. ते लगेच म्हणाले "सावकार असाच हिशेब करते", आणि खरं सांगतो, माझ्यापेक्षा पटकन कळलं त्यांना.

दहा वर्षांच्या उत्पन्नाची आजची किंमत निघाली २०.२७ लाख, म्हणजे २२ लाख घालून पावणेदोन लाखाचा घाटा! पोरगा गप्प झाला. मग सबसिडी घातली, आठ लाख धरली, आणि ती मागाहून येते म्हणून वर्षभरानंतरची, आजच्या भावात ७.१४. आता बेरीज झाली ५.४१ लाख नफा.

काका म्हणाले आता संत्र्याचं करा. केलं. लावणीला साठ हजार, पाच वर्षं दरसाल पंधरा हजार खर्च अन् उत्पन्न शून्य, मग सहाव्यापासून विसाव्यापर्यंत साठ हजार (डिंक्या रोग आला नाही तर!). आजची किंमत १.१८ लाख. पण इथं घाई करायची नाही, एक दहा वर्षांचं आणि एक वीस वर्षांचं, दोघांचा नफा सरळ शेजारी ठेवणं चूक आहे, पॉलिहाऊसनंतर ती जागा दहा वर्षं आणखी काहीतरी देणारच ना. म्हणून दोन्ही रकमा आपापल्या आयुष्यावर वर्षाच्या सारख्या हप्त्यात वाटल्या: पॉलिहाऊस वर्षाला सुमारे ९६ हजार, संत्रा सुमारे १६ हजार. सबसिडी नसेल तर पॉलिहाऊस उणे ३१ हजार, म्हणजे मग बाप बरोबर.

पोरगा हसायला लागला. तेवढ्यात काका म्हणाले, "अन् पोराची मजुरी कुठी धरली?"

मी बघतच राहिलो. खरंच नव्हती धरली. शिमल्याला रोज कुणीतरी लागतं, फांद्या बांधायला, ड्रिपमधून खत द्यायला, तोडायला, आणि तो पोरगा एमआयडीसीत बुटीबोरीला जाऊन कमावू शकत होता. महिना आठ हजारच धरले तरी वर्षाला शहाण्णव हजार. नफा शून्य!

पोराने मग माझ्याकडून माऊस घेतला. भाव किलोला साठ धरला होता, माल वर्षाला अठरा टन. त्याने पंचावन्न टाकून पाहिलं, नव्वद हजार गेले. पासष्ट टाकलं, नव्वद हजार आले. "म्हणजे सगळं भावावर," तो म्हणाला.

प्रकरण मी त्या दिवशी पाठवलं नाही. म्हणालो, आधी सबसिडीची पूर्वसंमती हातात येऊ द्या, आणि कळमना मार्केटात रंगीत शिमल्याला गेल्या तीन वर्षांत कुठल्या महिन्यात काय भाव मिळाला ते लिहून आणा, उन्हाळा वगळून. काका जाताना रिपोर्टचा बाइंड केलेला भाग काउंटरवरच विसरून गेले, पोरगा परत आला, पण त्याने रिपोर्ट नाही मागितला, आम्ही केलेल्या तक्त्याची प्रिंट मागितली.