क्रीडा वहीतला ‘पराभूत’ शिक्का आणि माझी टक्केवारी

आमच्या शाळेत एक क्रीडा वही आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात प्रत्येक स्पर्धेसाठी एकच ओळ लिहितात: तारीख, ठिकाण, गट, निकाल. मुलींच्या कबड्डीपुढे गेल्या दोन वर्षांत अशा सात ओळी आहेत आणि सातही ठिकाणी ‘पराभूत’. एवढ्या एका शब्दाने आमचा संघ यंदा तालुक्याला जायचा राहिला असता.

ऑगस्टमध्ये सरांनी सांगितलं, ‘सतरा वर्षांखालील मुलींची प्रवेशिका यंदा भरत नाही. दरवेळी हरूनच येता. गाडीभाडं कोण देणार?’ आम्ही रायगडातल्या. इथे भातकापणी झाली की गावोगाव रात्रीचे सामने लागतात, म्हाताऱ्या बायकासुद्धा पदराआडून ‘अगं, बोनस घे’ म्हणून ओरडतात. इथल्या शाळेने मुलींचा कबड्डी संघ न पाठवणं म्हणजे घरी तोंड दाखवायची सोय नाही. कर्णधार रडली. मला मात्र राग आला, कारण जिंकलेले सामने मला आठवत होते. पण किती, ते मलाही नक्की सांगता येईना.

गणित सोपं आहे. जिंकलेले सामने भागिले खेळलेले सामने, गुणिले शंभर. सातवीतलं आहे. अडलं ते सामने मोजण्यात, आणि त्यातच सगळा वेळ गेला.

कारण वहीत सामनेच नाहीत! स्पर्धा आहेत. आधी ती वही बघायला मिळेना. साहित्याच्या खोलीची चावी कार्यालयात, कार्यालय म्हणे सरांची चिठ्ठी आणा, आणि सरांकडे चिठ्ठी मागायची म्हणजे कशासाठी ते सांगायला लागणार. मग अर्ज लिही म्हणाले. अर्ज लिहिला तर ‘विषय’ नीट नाही म्हणून परत. शेवटी शिपाईकाकांनी जाळी झाडायच्या निमित्ताने खोली उघडली आणि मला वही दोन तासिकांपुरती दिली. (कोणाला वही लागणार असेल तर सरळ शिपाईकाकांना विचारा. अर्जाचा नाद करू नका.)

वही उघडली आणि डोकं आणखी तापलं. गेल्या वर्षी तालुक्याला आम्ही उपांत्य फेरीत हरलो. वहीत: ‘मुली – पराभूत’. त्याच पानावर, त्याच स्पर्धेत, त्याच फेरीत हरलेल्या मुलांपुढे: ‘उपांत्य फेरीपर्यंत मजल’. अक्षर एकाच माणसाचं.

मग एकेक सामना शोधायला निघाले. खरा कागद म्हणजे गुणपत्रक. सामना संपला की त्यावर दोन्ही कर्णधारांच्या सह्या होतात आणि ते आयोजकांकडे राहतं, शाळेकडे येत नाही. म्हणून आयोजकांना गाठायचं. एका गावच्या मंडळाकडे ड्रॉचा मोठा कागद देवळाच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेला निघाला, त्यावर बाण काढून प्रत्येक फेरीचा विजेता लिहिलेला. त्या काकांना मी आजन्म विसरणार नाही. दुसऱ्या मंडळाचा कागद पावसात गेला होता, पण त्यांच्या गुणलेखकाची वही होती. बाकीचं आमच्या पोरींच्या आईबाबांच्या फोनमध्ये: गुणफलकाचे फोटो, तारखेसकट. फोटोत फलक अर्धवट असेल तर तो सामना मी धरत नव्हते, दुसरा पुरावा मिळेपर्यंत. कारण आठवणीवर सोडलं तर आमची कर्णधार अठरा सामने जिंकलेली असते.

अजून एक खाचखळगा होता तो पुढे चालीचा. गेल्या वर्षी तालुक्याला पहिल्या फेरीत आम्हाला पुढे चाल मिळाली, आणि त्याआधीच्या वर्षी एका स्पर्धेत समोरच्या संघाची गाडीच आली नाही म्हणून आम्हाला विजयी जाहीर केलं. कर्णधार म्हणाली, ‘दोन्ही जिंकलेच ना? धर.’ धरले असते तर १९ पैकी १२, म्हणजे ६३ टक्के. दिसायला झकास. पण त्या दोन ‘सामन्यांत’ एकही चढाई झाली नव्हती. सर पहिल्या मिनिटात ते पकडणार आणि मग बाकीचे खरे आकडेही खोटे ठरणार. मी दोन्ही काढून टाकले. कर्णधार दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

उरले १७ सामने. जिंकलेले १०, हरलेले ७. म्हणजे ५८.८ टक्के.

‘दरवेळी हरून येणारा’ संघ निम्म्याहून जास्त सामने जिंकतो, हे मलाच आधी खरं वाटेना. पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. मग गणिताच्या बाईंकडे गेले आणि म्हटलं, बाई, सातच्या सात स्पर्धांत पराभूत आणि तरी एकोणसाठ टक्के, हे जमतंच कसं? त्यांनी फळ्यावर आठ संघांचा ड्रॉ काढला. बाद पद्धत. पहिल्या फेरीत चार सामने, मग दोन, मग एक. एकूण सात सामने, म्हणजे सात विजय आणि सात पराभव. सात पराभव सात वेगवेगळ्या संघांच्या वाट्याला. ‘आता सांग,’ बाई म्हणाल्या, ‘या आठातला कुठला संघ न हरता घरी जातो?’ फक्त विजेता. बाकी सातही संघ एकेक सामना हरूनच घरी जातात, आणि तोही शेवटचा. उपविजेता संघ तीनपैकी दोन जिंकतो, ६६.७ टक्के, तरी वहीत ‘पराभूत’च. उपांत्य फेरीत हरलेला दोनपैकी एक, ५० टक्के. पहिल्याच फेरीत हरलेले चार संघ शून्य.

आमच्या सातपैकी सहा स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. चषक न जिंकता सहा स्पर्धा खेळलात तर सहा पराभव होणारच. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. त्या सहांत आम्ही ८ सामने जिंकलो होतो. सातवी साखळी स्पर्धा, तिच्यात तीनपैकी दोन जिंकलो, पण गटातून एकच संघ पुढे जाणार होता. वहीतले सात ‘पराभूत’ एवढंच सांगत होते की आम्ही चषक आणला नाही. ते सरांना आधीच माहीत होतं.

बाईंनी जाता जाता एक टोचणीही लावली. मी वर्षं वेगळी केली होती: आधीच्या वर्षी ६ पैकी ३, म्हणजे ५० टक्के, गेल्या वर्षी ११ पैकी ७, म्हणजे ६३.६. मी खूश. बाई म्हणाल्या, ‘त्यातला एक सामना उलटा गेला असता तर?’ ११ पैकी ६, ५४.५. एका सामन्याने नऊ टक्के खाली. म्हणून त्यांनी सांगितलं की टक्के लिहिशील तिथे शेजारी सामन्यांची संख्याही लिही. नुसतं ‘६३.६ टक्के’ लिहू नको, ‘११ पैकी ७’ आधी लिही. हे मात्र सगळ्यांनी कराच.

सरांकडे कागद घेऊन गेले तेव्हा ते मैदानावर चुना टाकत होते. उन्हात उभ्यानेच वाचला. मग जे विचारलं त्याची मी तयारी केलीच नव्हती असं त्यांना वाटलं असावं. ‘आणि ते १९–४४? तीन लोण दिलेत. ते कुठं आहे तुझ्या टक्क्यांत?’

तो तालुक्याचा उपांत्य सामना. आमचा डावा कोपरा सुरुवातीलाच बाद झाला, साखळी फुटली आणि मग सात जणी पुन्हा पुन्हा संपूर्ण बाद. एका लोणाचे दोन गुण जादा, तिनांचे सहा. म्हटलं, सर, तो इथे एक पराभव म्हणून आहे. पंचवीस गुणांनी हरलो काय आणि एका गुणाने हरलो काय, या टक्केवारीत दोन्ही सारखेच. फरक बघायचा तर गुणांचा वेगळा तक्ता करायला लागेल, आणि माझ्याकडे सगळ्या सामन्यांचे गुण नाहीत. अकरा सामन्यांचे आहेत, ते मागे लिहिलेत. त्यांनी कागद उलटला.

‘आणि जिंकलात ते कोणाशी? दुबळ्या संघांशी?’ हेही बरोबरच होतं. टक्केवारीला समोरचा संघ कोण ते कळत नाही. त्यासाठी मी दहा विजयांपुढे समोरच्या संघांची नावं लिहिली होती. त्यांत दोन नावं अशी होती की सरांनी भुवया वर केल्या. त्यांतल्या एका शाळेशी आमची मुलं हरली होती.

मुलांचा हिशोबही माझ्या दप्तरात होता. पाच स्पर्धा, ११ पैकी ६, ५४.५. तो मी दाखवला नाही. आधी दाखवणार होते, पण कर्णधारच म्हणाली की तो काढलास तर सर मुलांची बाजू घेत बसतील आणि आपलं राहील बाजूला. त्या दिवशी ती शहाण्यासारखं वागली.

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. हो नाही, नाही नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर विचारलं, ‘जन्मतारखेचे दाखले सगळ्यांचे आहेत का?’ एवढंच. प्रवेशिका भरली. गाडीभाड्याचं मात्र अजून अर्धंच जमलंय, ते आम्ही आणि पालक बघतोय. टक्क्यांनी गाडीत डिझेल पडत नाही, असं सर म्हणालेच.

हे करायचं असेल तर एक आत्ताच आठवलं म्हणून सांगते: सामना संपल्यावर, सह्या झाल्या की लगेच, आयोजकांना विचारून गुणपत्रकाचा फोटो काढून घ्या. मागाहून माळे चढायला लागत नाहीत. क्रीडा वहीत आता मी पेन्सिलीने दोन रकाने आखलेत, ‘खेळलेले’ आणि ‘जिंकलेले’. कार्यालयाने विचारलं कोणाच्या परवानगीने, तर सर म्हणाले माझ्या.

काल ड्रॉ लागला. पहिल्या फेरीत आम्हाला पुढे चाल आहे. सर म्हणाले, ‘घ्या, एक सामना जिंकलात.’ मी म्हटलं, ‘सर, तो मोजायचा नसतो.’